उशिरा बोलणारं औषध

पितृपंधरवडा संपून नवरात्राची चाहूल लागली, की माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ती मुरमांची ट्यूब मध्यंतरी बंद केली होती. आता परत सुरू केली तर चालेल ना?" कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माझं मेडिकल आहे. काउंटरवर मी स्वतः असते, आणि विचारणाऱ्याला फक्त 'हो' ऐकायचं असतं हे मला लगेच कळतं. दिवाळी तोंडावर आलेली असते. घरी यायची पाहुणेमंडळी, भाऊबीजेचे फोटो, सगळं डोळ्यांपुढे असतं.

बंद करण्याची कारणं नाना. गणपतीत घर भरलेलं, रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत बारा वाजलेले. तोंड धुवायचं त्राण नाही तिथे क्रीम कोण लावतंय? कुणाला डेंग्यू होऊन जातो. आणि काहींचा चेहरा त्या औषधानंच सोलवटून निघालेला असतो, म्हणून डॉक्टरांनीच थांबवलेलं असतं. या शेवटच्यांबद्दल लिहायचंय, कारण परत सुरू करताना खरी कसोटी त्यांचीच लागते.

माझी भाची त्यातलीच. हिंजवडीत नोकरी, कोथरूडहून स्कूटरनं जाणं-येणं, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं मुरमं. त्वचेच्या डॉक्टरांनी अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल दिलं होतं आणि ते तिला चांगलं मानवलं होतं, रोज रात्री लावायची. पुढे तिनं स्वतःच्या मनानं ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा टोनर आणला, मग सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश. तिन्ही वस्तू एकेकट्या तशा निरुपद्रवी. पण ऑगस्ट संपता संपता तोंडावर नुसतं पाणी मारलं तरी चुरचुरायला लागलं, ओठांच्या कडा फाटल्या, गालांवर चकचकीत, ताणल्यासारखी कातडी दिसायला लागली. डॉक्टरांनी सगळं बंद केलं. साधा क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी काही नाही. दीडएक महिन्यानं, चेहरा पूर्ववत झाल्यावर, डॉक्टर 'हळूहळू सुरू करा' म्हणाले. ती तशीच दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, दोन वर्षं रोज लावत होते, म्हणजे सवय आहेच. आज रात्रीपासून रोजचं सुरू करते."

या 'सवय आहेच'शी माझं भांडण आहे.

रेटिनॉइडची सवय होते हे खरं. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल ही सगळी 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली किंवा त्या धर्तीवर बनवलेली. ती त्वचेच्या पेशींमधल्या ठरावीक रिसेप्टरांना जाऊन चिकटतात आणि पेशींचं काम बदलतात. खालच्या पेशी भराभर वाढायला लागतात, सगळ्यात वरचा थर सैल आणि पातळ होतो, त्यातून पाणी जास्त उडायला लागतं. पहिल्या काही आठवड्यांतली आग, कोंडा, कोरडेपणा यातूनच येतो. साधारण दुसऱ्या आठवड्यात तो शिगेला पोचतो आणि पुढे ओसरत जातो, कारण त्वचा जुळवून घेते. खालचा जिवंत थर जाड होतो. ट्रेटिनॉइनच्या बाबतीत तर औषधाचं विघटन करणारी विकरंही त्वचा स्वतःच जास्त तयार करायला लागते. पण हे सगळं औषध चालू असेतोवर. थांबलं, की त्वचा जुन्या वळणावर जाते. वरचा मृत पेशींचा थर दोनेक आठवड्यांत बदलतो, सगळी बाह्यत्वचा नवी व्हायला महिना-दीड महिना लागतो. म्हणजे माझ्यासमोर उभ्या असलेल्या भाचीच्या चेहऱ्यावर जी कातडी होती, तिनं अ‍ॅडापलीन कधी पाहिलंच नव्हतं. सवय भाचीच्या मनाला होती, गालाला नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. अ‍ॅसिड लावलं की ते तिथल्या तिथे बोलतं. मिनिटाभरात चुणचुणतं, जास्त झालं तर आग होते, धुऊन टाकता येतं. रेटिनॉइड उशिरा बोलतं. सोमवारी रात्री लावलं, मंगळवारी सकाळी चेहरा मऊसूत. मंगळवारी परत, बुधवारी परत, सगळं छान. माणूस म्हणतं, बघा, काही होत नाही. आणि शुक्रवारी-शनिवारी नाकपुड्यांशेजारी पापुद्रे सुटायला लागतात. तोपर्यंत चार-पाच मात्रा आत जाऊन बसलेल्या असतात आणि त्या परत घेता येत नाहीत. परत सुरू करताना बहुतेकांचं इथेच बिनसतं. 'काल रात्री काही झालं नाही' यावर आजची रात्र ठरवायची नसते. निर्णय करायचा तो दोन आठवड्यांनी.

सुरू करण्याआधी मी तिला एक परीक्षा घ्यायला सांगितली. तोंड कोमट पाण्यानं धुवायचं, टिपून घ्यायचं आणि रोजचं मॉइश्चरायझर लावायचं. नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात, डोळ्यांखाली कुठेही चुरचुरलं तर त्वचेचं कुंपण अजून धड झालेलं नाही, थांबायचं. असं सलग आठवडाभर काहीच झालं नाही, तर पुढे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत लाली पटकन दिसत नाही, म्हणून आरशावर विसंबायचं नाही. बोटाला काय लागतं आणि कातडीला काय वाटतं ते बघायचं. आणि याच त्वचेत दाह झाला की मागे काळपट डाग राहतात, जायला महिनोन् महिने घेतात. गोऱ्या माणसाचं आठवडाभर लाल होऊन भागतं. आपल्याला दिवाळीची घाई पुढच्या होळीपर्यंत चेहऱ्यावर मिरवावी लागते.

आठवड्यानं ती घरी आली. म्हटलं, माझ्यासमोर लाव. तिनं टूथपेस्ट घ्यावी तशी बोटाच्या पेरावर पट्टी ओढली. मी ती पुसायला लावली. सगळ्या चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढं जेल लागतं, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. मटारही टपोरा मोठा नव्हे, सासवडचा कोवळा. तेवढा थेंब घेऊन कपाळावर एक, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक असे ठिपके द्यायचे आणि मग पसरायचे, चोळायचं नाही. त्याआधी तोंड धुतल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्यायची, कारण ओलसर त्वचेत औषध जास्त शिरतं. तिच्यासाठी आणखी एक केलं: आधी मॉइश्चरायझर, ते जिरल्यावर जेल. यानं औषध थोडं हळू आणि थोडं कमी पोचतं, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे, पापण्या ही ठिकाणं पातळ. तिथे जेलच्या आधी व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, म्हणजे पसरलेलं औषध तिथे जाऊन साठत नाही. "एवढंसंच?" ती म्हणाली. एवढंसंच. मुरमावर थेंब ठेवायचं औषध हे नव्हेच. जिथे मुरूम अजून आलेलं नाही तिथेही ते लावायचं असतं.

वेळापत्रक मी असं लावून दिलं. पहिले दोन आठवडे सोमवार आणि गुरुवार, बस. मधल्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. तोवर सगळं शांत राहिलं तर पुढचे दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. मग एक रात्र आड. एक रात्र आड महिनाभर मानवलं, की मॉइश्चरायझर जेलच्या आधी लावायच्या ऐवजी नंतर लावायचं. रोज रात्रीचं त्यानंतर बघू, आणि मुरमं एक रात्र आडमध्येच आटोक्यात राहत असतील तर रोजचा अट्टहास कशाला? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे बिनसलं तर कशानं बिनसलं ते कळतं. तिचे डॉक्टरही हेच म्हणाले असते. 'हळूहळू' या शब्दात त्यांनी सगळं कोंबलं होतं, एवढंच. ओपीडीत पंधरा पेशंट बाहेर बसलेले असताना मटाराचा दाणा कोण दाखवणार?

ट्रेटिनॉइनवाल्यांना मी आणखी सबुरीनं घ्यायला सांगते, कारण ते अ‍ॅडापलीनपेक्षा जास्त झोंबतं. आधी ०.०५ टक्के लावत असाल, तर परत सुरू करताना ०.०२५ मिळेल का हे डॉक्टरांना विचारा. काहींना डॉक्टर सुरुवातीला तासभर लावून धुऊन टाकायला सांगतात, तोही चांगला मार्ग. कमी टक्केवारी म्हणजे कमी गुण, हा समज फार घट्ट आहे. आग झाली, सालं निघाली, तरच औषध 'लागू पडतंय' असं वाटणारे लोक रोज भेटतात. हे सालं काढण्याचं वेड तसं जुनंच. फिलाडेल्फियात अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरमांसाठी ट्रेटिनॉइनचा अनुभव छापला, तेव्हापासून लालभडक चेहरा हा उपचाराचाच भाग मानला जाई. पण १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या त्वचातज्ज्ञांनी उन्हानं जुनावलेल्या त्वचेवर ०.१ आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन ४८ आठवडे शेजारी-शेजारी तपासलं, तेव्हा सुधारणा दोन्हींत सारखीच निघाली. दाह मात्र ०.१ टक्क्यात पुष्कळ जास्त. तो अभ्यास मुरमांवरचा नव्हता हे मान्य. तरी दाह आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं त्यानं पक्कं केलं.

पुण्यात आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्या ट्यूबवर छापलेल्या नसतात. पहिली स्कार्फ. डोळे सोडून अख्खं तोंड गुंडाळलेल्या आमच्या मुली. धूळ-उन्हापासून बचाव होतो हे ठीक, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तास-तास तो कपडा घामेजल्या गालावर घासत असतो, आणि नेमका जबड्याच्या कडेला, जिथे मुरमं आहेत आणि जिथे औषध लावलंय. भाचीचा स्कार्फ जाडसर सिंथेटिक होता, आठवड्यातून एकदा धुतला जाई. मऊ सुती कपडा, रोज धुतलेला, नीट खळबळून साबण काढलेला, एवढ्या बदलानं तिच्या जबड्यावरची चुरचुर निम्मी झाली असावी असं माझं मत. डॉक्टरांना ती स्कार्फबद्दल बोललीच नव्हती.

दुसरी गोष्ट उटणं. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळीला बसलं, की आजी काही ऐकत नाही. नागरमोथा, कचोरा, वाळा, संत्र्याची साल, सगळं दळलेलं खरं, पण ते भरडच असतं. रेटिनॉइड लावलेल्या चेहऱ्यावर ते चोळणं म्हणजे पातळ झालेल्या थरावर पॉलिशपेपर फिरवणं. भाचीला सांगितलं, अंगाला हवं तेवढं लाव, मानेच्या वर नाही. तिसरी गोष्ट पार्लर. दिवाळीआधीचं ब्लीच, स्क्रबवालं फेशियल या दोन महिन्यांत नको. अप्पर लिपला वॅक्स तर अजिबात नको, मेणाबरोबर कातडी निघून येते. अगदीच करायचं तर आधी आठवडाभर जेल बंद ठेवून दोऱ्यानं.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. हनुवटीवर बारीक कोंडा सुटतोय. मी विचारलं, पाणी लागतं का? नाही. मॉइश्चरायझर झोंबतं? नाही. खाज? नाही. मग हे चालायचंच. वाढवायचं नाही, बंदही करायचं नाही, आहे त्या पायरीवर आणखी आठवडा काढायचा, मॉइश्चरायझर सकाळीही लावायचं. पापुद्रे नखानं ओढायचे नाहीत. हेच जर मॉइश्चरायझर झोंबलं असतं, तर मी चार-पाच रात्री पूर्ण सुट्टी द्यायला सांगितलं असतं आणि चुरचुर थांबल्यावर एक पायरी खाली येऊन सुरू करायला. आणि पापण्या सुजणं, पाणी सुटणं, पुटकुळ्या, जिथे लावलंच नाही तिथेही खाज पसरणं, असं काही असतं तर तो नुसता दाह नसून अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे फोन नाही, डॉक्टर.

अशा वेळी घरात पडलेली खाजेची ट्यूब हाताशी येते, आणि तिची मला धास्ती वाटते. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं. रात्रीत आग शमते, लाली जाते, माणूस खूष. मग रेटिनॉइड एका हातानं आणि स्टिरॉइड दुसऱ्या हातानं असं चालू राहतं. पुण्यात काय, कुठल्याही गावात डाग घालवायची म्हणून एक क्रीम हातोहात खपते. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटॅसोन नावाचं स्टिरॉइड तिन्ही एकत्र असतं. डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांपुरती दिली तर तिचा उपयोग आहे. पण बायका ती वर्षानुवर्षं 'नाइट क्रीम' म्हणून लावतात. त्यांतलीच एखादी मध्ये खंड पडल्यावर येते आणि म्हणते, आता मला फक्त ट्रेटिनॉइन द्या, ते मला सोसतं. ते तिला कधी सोसलेलंच नसतं. स्टिरॉइडनं आग झाकून ठेवलेली असते. शिवाय स्टिरॉइड थांबल्यावर जी लाली, आग, पुरळ उसळतं त्याचं बिल ती ट्रेटिनॉइनच्या नावावर फाडते. या बाईला माझं वेळापत्रक लागू नाही. तिला मी चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव लिहून देते आणि काउंटरवरून काही देत नाही. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. दिवस गेलेल्या किंवा त्या तयारीत असलेल्या बाईलाही कुठलंच रेटिनॉइड परत सुरू करायचं नाही, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय.

दिवाळी झाली, भाचीचं एक रात्र आड सुरू झालं, आणि तिला टोनरची आठवण आली. अ‍ॅसिड कधी? मी म्हटलं, एक रात्र आड महिनाभर निर्वेध जाऊ दे, मग. आणि आधी मोज, की तुझ्या चेहऱ्यावर आत्ता किती अ‍ॅसिडं आहेत. ती म्हणाली, एकही नाही. बाथरूममध्ये जाऊन बघितलं तर सॅलिसिलिकचा फेसवॉश परत आलेला, शिवाय सकाळचं व्हिटॅमिन सी सीरम. धुऊन टाकायचं असलं तरी फेसवॉशातलं अ‍ॅसिड अ‍ॅसिडच, आणि एल-अस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं सीरम चांगलंच आंबट करून ठेवलेलं असतं, नाहीतर ते त्वचेत शिरत नाही. लोक फक्त बाटलीवर मोठ्या अक्षरात 'अ‍ॅसिड' लिहिलेलं तेवढं धरतात.

अ‍ॅसिड परत सुरू करताना टक्केवारीइतकाच पीएच महत्त्वाचा. दहा टक्के ग्लायकोलिक पीएच साडेतीनला आणि तेच पीएच साडेचारला, यांच्या झोंबण्यात पुष्कळ फरक, कारण पीएच जितका कमी तितकं मोकळं अ‍ॅसिड जास्त. ग्लायकोलिकचा रेणू या गटात सगळ्यात लहान, झटकन आत शिरणारा. म्हणून होरपळून बरी झालेल्या त्वचेवर मी परतीची सुरुवात पाच टक्के लॅक्टिक किंवा त्याहून मोठ्या रेणूच्या मँडेलिकनं करायला सांगते. आठवड्यातून एकच रात्र, आणि ती रेटिनॉइडची नसलेली रात्र. दोन मिनिटं चुणचुणून थांबलं तर ठीक. पाच मिनिटांनंतरही जळत राहिलं तर साध्या पाण्यानं धुवायचं, त्या आठवड्यात परत नाही. ग्लायकोलिक-लॅक्टिकच्या गटानं त्वचा उन्हाला हळवी होते आणि बंद केल्यावरही आठवडाभर तशीच राहते. अमेरिकेत तर ही सूचना बाटलीवर छापण्याचं मार्गदर्शन तिथल्या औषध प्रशासनानं करून ठेवलंय. त्यामुळे सनस्क्रीन अ‍ॅसिडच्या दुसऱ्या दिवसापुरतं नाही. भाचीनं शेवटी फेसवॉश ठेवायचा की टोनर, यात फेसवॉश निवडला, तोही आठवड्यातून दोनदा. टोनर तिनं मैत्रिणीला देऊन टाकला. ती मैत्रीण आता माझ्याकडे येईल, दुसरं काय!

डिसेंबरात पुण्याची हवा बदलते. पहाटे बोचरी थंडी, दुपारी कोरडं ऊन, ओठ फुटायला लागतात. नोव्हेंबरात जी पायरी मानवली ती डिसेंबरात मानवेलच असं नाही, आणि भाचीचं तेच झालं. औषध तेच, थेंब तेवढाच, पण गाल ताणायला लागले. ती दर तिसऱ्या रात्रीवर उतरली, मॉइश्चरायझर परत जेलच्या आधी आलं, आणि संक्रांतीनंतर पुन्हा एक रात्र आड.

आता मे महिन्यात तिच्या मैत्रिणीचं नाशिकला लग्न आहे. मेंदी, हळद, आणि आदल्या आठवड्यात वॅक्सिंग ठरलंय. तिनं विचारलं, खंड पडणारच, मग परत दोन महिने तेच रामायण का? नाही. आठवडाभराच्या खंडानं फारसं बिघडत नाही, पहिल्यासारखं लावावं. फक्त वॅक्सनंतर कातडी पूर्ण शांत होईपर्यंत थांबावं. दोन-तीन आठवडे गेले तर आधीच्या निम्म्यावर यावं, एक रात्र आड असेल तर आठवड्यातून दोनदा, आणि दोन आठवडे बघून वर जावं. महिन्याच्या पुढे गेलं तर पहिल्यापासून, सोमवार आणि गुरुवार. हळदीचं मात्र तिला वेगळं सांगितलंय: जेल बंद असेल तरी गालावर हळद रगडून घ्यायची नाही, बोटानं टिळा लावून घ्यायचा, आणि करवल्यांना आधीच सांगून ठेवायचं.